शेततळ्यातील पाणी तापले की मासे का गुदमरतात?



ठिबकासाठी शेततळे खोदलेल्या अनेक सभासदांनी त्यात कटला, रोहू आणि मृगल यांची बोटुकली सोडली आहेत. शेती खात्याची माणसे उसाच्या नोंदीला बांधावर आली की आता तळ्यातल्या मासळीचीही चौकशी होते. त्यात एक तक्रार उन्हाळ्यात हमखास ऐकू येते. ‘‘संध्याकाळी खाद्य टाकलं तेव्हा मासं उड्या मारीत होतं, आणि सकाळी बघतो तर निम्मं पालथं. कुणीतरी औषध टाकलं असणार.’’ औषध टाकल्याचा प्रकार क्वचित घडतही असेल, पण अशा बहुतेक तळ्यांत मासे मरतात ते प्राणवायू संपल्यामुळे. दिवसा तापलेल्या पाण्यात रात्रीतून प्राणवायूचा साठा कसा संपतो, आणि तो संपणार हे आदल्या संध्याकाळीच कसे ओळखावे, एवढेच आम्ही या लेखात सांगणार आहोत.

मासा श्वास घेतो तो पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर. हवेत प्राणवायूची लयलूट आहे. एक लिटर हवेत तो सुमारे २७० मिलिग्रॅम असतो. एक लिटर पाण्यात मात्र सात-आठ मिलिग्रॅमच मावतो. म्हणजे माशाची शिल्लक मुळातच थोडी, आणि पाणी तापले की ती आणखी घटते.

हे का घडते, ते साखरेच्या धंद्यातल्या माणसाला उलट्या बाजूने चांगले ठाऊक आहे. गरम पाण्यात साखर जास्त विरघळते आणि पाक निवला की खडा धरतो. वायूचा न्याय नेमका उलटा. पाणी जितके गार, तितका वायू त्यात जास्त राहतो. पाणी तापले की वायूचे कण जोराने हलू लागतात आणि पाण्याची पकड सोडून हवेत निघून जातात. चुलीवर पाणी ठेवले की उकळी फुटायच्या कितीतरी आधी पातेल्याच्या कडेला बारीक बुडबुडे धरतात. ती वाफ नव्हे, पाण्यात विरघळलेली हवा बाहेर पडत असते.

आकड्यांत सांगायचे तर समुद्रसपाटीला २० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना ७.६ आणि ३५ अंशांना जेमतेम ७. देशावरची आपली गावे समुद्रसपाटीपासून उंच असल्याने हे आकडे आपल्याकडे आणखी थोडे कमी धरावेत.

आता कोणी विचारील, की ९ चे साडेसात झाले, म्हणजे दीडच मिलिग्रॅमचा फरक. तेवढ्याने मासा कसा मरेल? प्रश्न रास्त आहे. तेवढ्याने तो मरत नाही. खरी गोम खर्चाच्या बाजूला आहे. मासा थंड रक्ताचा प्राणी. पाणी तापले की त्याचे शरीर तापते आणि त्याची भूक व श्वास दोन्ही वाढतात. पाणी दहा अंशांनी तापले की प्राणवायूचा खर्च ढोबळमानाने दुप्पट होतो. हाच नियम तळ्यातल्या शेवाळाला आणि तळाशी कुजणाऱ्या घाणीतल्या जिवाणूंनाही लागू आहे. म्हणजे कणगी लहान झाली आणि खाणारी तोंडे दुप्पट झाली, असा हा प्रकार आहे.

शेवाळाचे थोडे खुलाशाने सांगतो. तळ्याच्या पाण्याला हिरवी झाक येते ती डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक वनस्पतींमुळे. दिवसा उन्हात त्या प्राणवायू तयार करतात. तळ्याला मिळणारा बहुतेक प्राणवायू त्यांचाच. दुपारी तीन-चारला पाण्यात मावतो त्याहून जास्त प्राणवायूही सापडतो. पण सूर्य मावळला की हे उत्पादन बंद, आणि त्याच वनस्पती रात्रभर प्राणवायू खात बसतात. म्हणून तळ्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो तो पहाटे, दिवस उगवण्याच्या सुमारास. दुपारी मोजणी करून ‘‘आपलं पाणी ठीक आहे’’ म्हणणे हे पगाराच्या दिवशी खिसा तपासण्यासारखे आहे.

आता एक हिशेब करून पाहू. तळे ३० बाय ३० मीटरचे, बाजू उतरत्या, पाणी अडीच मीटर. असे सुमारे १५ लाख लिटर पाणी होते. मासळी आहे ५०० किलो. हिशेबासाठी पुढचे आकडे आम्ही उदाहरणादाखल धरले आहेत, पण तळ्यावर मोजले तर याच बेताचे मिळतात.

जानेवारीत पाणी २० अंश आहे. संध्याकाळी सातला प्राणवायू मोजला, तो ८.५ निघाला. रात्री दहाला पुन्हा मोजला, तो ७.७५. तीन तासांत पाऊण मिलिग्रॅम, म्हणजे तासाला पाव मिलिग्रॅम खर्च. पहाटे सहापर्यंत आणखी आठ तास, म्हणजे दोन मिलिग्रॅम जातील आणि पावणेसहा शिल्लक राहतील. चिंता नाही.

मे महिन्यात तेच तळे, तेवढीच मासळी, पण पाणी ३० अंश. संध्याकाळी सातला ८, रात्री दहाला ६.५. तासाला अर्धा मिलिग्रॅम खर्च. पहाटे सहाला अडीच उरतील. कटला-रोहूला पाचच्या वर प्राणवायू असला तर तो अंगी लागतो. तीनच्या खाली मासा त्रासतो, खाणे सोडतो. एकच्या खाली काही तास राहिला तर मरतो. म्हणजे या तळ्यात पहाटे पाचला तीनची रेघ ओलांडली जाईल. ऊन चढले की निभावून जाईल, पण जेमतेम.

आता याच मे महिन्यात दोन-तीन दिवस आभाळ राहिले असे धरा. ऊन नाही म्हणून दिवसाची कमाई कमी, पण पाणी गरमच, म्हणून खर्च तोच. संध्याकाळी सातला ६, रात्री दहाला ४.५. हिशेब करा: रात्री एकला तीन, आणि पहाटे पाचला एक. रोहिणी आणि मृगाच्या तोंडावर, वारा पडलेला आणि आभाळ दाटलेले असताना मासे मरतात ते असे.

या उदाहरणात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. गरम पाण्यात एक किलो मासळी तासाला साधारण पाव ग्रॅम प्राणवायू घेते. ५०० किलो मासळीचा खर्च काढला, तर तो एकूण खर्चाच्या सहाव्या हिश्श्याच्या आसपास येतो. बाकीचा सारा शेवाळाचा आणि कुजणाऱ्या मालाचा. म्हणून मासे कमी सोडले म्हणजे भागले, असे नाही. पाणी गर्द हिरवे होऊ न देणे जास्त महत्त्वाचे. पांढरी थाळी दोरीला बांधून पाण्यात सोडावी. ती वीतभर ते दीड वीत खोलीपर्यंत दिसली तर ठीक. बोटभर खोलीलाच दिसेनाशी झाली तर शेवाळ माजले आहे. शेण, खत आणि खाद्य ताबडतोब थांबवावे. काही सभासद ताजे प्रेसमड तळ्यात टाकतात, ते उन्हाळ्यात मुळीच टाकू नये. ते कुजताना प्राणवायूच खाते.

आणखी एक धोका वळवाचा. उन्हाने तळ्याचे वरचे पाणी तापते, हलके होते आणि खालच्या गार पाण्यावर तरंगत राहते. दोन्ही थर मिसळत नाहीत. खालच्या थराला ना ऊन ना हवा. तिथला प्राणवायू संपतो आणि घाण कुजत राहते. मृगल तळाशी चरणारा मासा, तोही मग वर सरकतो. अशात गार वळीव कोसळला, सोसाट्याचा वारा सुटला, की वरचे पाणी गार होऊन खाली जाते आणि तळाचे मेलेले पाणी वर येते. एका तासात सगळ्या तळ्याचा प्राणवायू खाली येतो. लोक म्हणतात वीज पडून मासे मेले. खाली-वर पाण्याचा उष्मा मोजून पाहिला तर हे आधी कळते. वजन बांधलेली बुचाची बाटली पाच फुटांवर सोडावी, दुसऱ्या दोरीने बूच ओढून पाणी भरून घ्यावे आणि लगेच उष्णतामापक बुडवावा. वरच्या पाण्यापेक्षा ते तीन-चार अंशांनी गार निघाले तर थर पडले आहेत असे समजावे. रोज दुपारी तासभर पंपाने पाणी ढवळले तर थर पडत नाहीत.

मोजणीचे साहित्य नसले तरी लक्षणे बोलतात. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडमीट करतात, टाळी वाजवली तरी बुडी मारीत नाहीत, गोगलगायी काठाला चढतात. ऊन चढल्यावर मासे खाली गेले, तर ती प्राणवायूचीच टंचाई. दिवसभर तसेच राहिले, तर रोग किंवा दुसरे काही पाहावे लागेल. प्राणवायू संपून मेलेल्यांत आधी मोठे मासे जातात. विषाने मात्र लहान-मोठे आणि बेडूकसुद्धा एकदमच मरतात. मरळ वर येऊन हवा घेतो तो त्याचा स्वभाव आहे, त्यावरून घाबरू नये.

मासे वर आलेले दिसले की आधी खाद्य बंद. मग तळ्यातलेच पाणी पंपाने उचलून फवाऱ्यासारखे उंचावरून परत तळ्यात पाडावे. पाण्याचे जितके थेंब होतील तितकी हवा त्यात मिसळेल. फुटबॉल तळाच्या गाळात ठेवू नये, वरच्या अंगाला बांधावा. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी गार असते खरे, पण त्यात प्राणवायू फारसा नसतो. ते नळीने थेट सोडू नये. दगडांवर आपटून, फुटून पडू द्यावे. हवा घालणारे यंत्र असेल तर ते मध्यरात्रीनंतर सूर्योदयापर्यंत चालवावे, कारण टंचाई तेव्हाच असते. रात्री थ्री फेज लाईन नसेल तर डिझेल इंजिनाची सोय आधी करून ठेवावी. मासे वर आल्यावर इंजिन शोधत फिरणे कामाचे नाही.

प्राणवायू तपासणीची पेटी वापरणे अवघड नाही. बाटली पाण्यात बुडवून, बुडबुडा न राहता भरावी आणि दोन्ही औषधांचे थेंब टाकावेत. तपकिरी साका धरला तर प्राणवायू आहे. साका पांढराच राहिला तर जवळजवळ नाही. पुढे थेंब मोजून नेमका आकडा निघतो. मार्च ते जून या काळात आठवड्यातून दोनदा, आणि आभाळ आले की रोज, संध्याकाळी सात आणि रात्री दहा अशा दोन मोजण्या घ्याव्यात. दोहोंतल्या फरकाला तीनने भागले की तासाचा खर्च मिळतो. दहाच्या आकड्यातून तीन वजा करून जे उरेल त्याला या खर्चाने भागावे. दहानंतर तेवढ्या तासांनी तीनची रेघ येते. त्याच्या तासभर आधी पंप सुरू झाला पाहिजे.