भाडेकरूला पोलिस व्हेरिफिकेशनचं कसं सांगायचं?

भाडं ठरतं, डिपॉझिट ठरतं, लिफ्टजवळची पार्किंगची जागाही दाखवून होते. मग पहिल्यांदाच घर भाड्यानं देणारा माणूस एका वाक्यापाशी अडतो. समोरचा मुलगा सालस आहे, नोकरी चांगली आहे. त्याला ‘पोलिस’ हा शब्द ऐकवायचा कसा? मग काहीजण तो विषय एजंटवर ढकलतात, काहीजण ‘राहू दे, मुलगा बरा वाटतोय’ म्हणून सोडून देतात, आणि काहीजण ‘तसं काही नाही हो, पण हल्ली काय काय ऐकायला येतं’ अशी सुरुवात करतात. या तिसऱ्या सुरुवातीनं समोरच्याला नेमका संशयच ऐकू येतो.

ही अडचण बरीचशी गैरसमजातून येते. आपण ज्याला सर्रास व्हेरिफिकेशन म्हणतो, ती मुळात मालकानं पोलिसांना द्यायची माहिती आहे. माझ्या घरात अमुक तारखेपासून अमुक माणूस राहतो आहे, एवढंच मालक कळवतो. भाडेकरूनं पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला आणायचा, असा याचा अर्थ नाही. तो दाखला वेगळा असतो, त्याची प्रक्रिया वेगळी असते.

माहिती देण्याचं बंधन येतं ते शहराच्या पोलिस आयुक्तांच्या आदेशातून. पूर्वी असे आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ त्या जागी आलं. असा आदेश साधारणपणे दोन महिन्यांपेक्षा जास्त चालत नाही, म्हणून तो पुन्हा पुन्हा काढला जातो. आपल्या भागात सध्या तो लागू आहे का, हे पोलिस ठाण्यात किंवा आयुक्तालयाच्या संकेतस्थळावर कळतं. आदेश मोडल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ नुसार कारवाई होऊ शकते, आणि माहिती न दिल्याबद्दल ती होते मालकावर. संभाषणाचा सूर ठरवायला हा मुद्दा फार उपयोगी आहे. कारण मग ‘तुमची चौकशी करायची आहे’ असं म्हणावंच लागत नाही. ‘मला ही माहिती द्यावी लागते, त्यासाठी तुमची मदत हवी’ असं म्हणता येतं, आणि ते खरंही असतं.

सांगलीच्या एका निवृत्त शिक्षिकेचं उदाहरण घेऊ. वाकडला त्यांचा दोन खोल्यांचा फ्लॅट. हिंजवडीत नोकरी करणारा, मूळ नांदेडचा एक मुलगा आणि त्याचा मित्र असे दोघे तिथे राहायला येणार होते. बाईंनी टोकन घेण्याआधीच मुलाला असा मेसेज पाठवला:

‘नमस्कार. करारासाठी आणि पोलिसांकडे द्यायच्या माहितीसाठी काही कागद लागतील. ही माहिती घरमालकानं द्यायची असते, म्हणून फॉर्म मीच भरते. तुम्हा दोघांचे फोटो, ओळखपत्राची प्रत, गावचा पत्ता, कंपनीचं नाव व पत्ता आणि तुम्हाला ओळखणाऱ्या दोन व्यक्तींचे नंबर पाठवा. त्या दोघांना आधी कल्पना देऊन ठेवा. माझं ओळखपत्र आणि फ्लॅटची इंडेक्स-टू सोबत पाठवते आहे.’

यात ‘राग मानू नका’ नाही, ‘तुमच्यावर विश्वास आहे, पण’ नाही. माफीच्या सुरात मागितलं की साध्या कागदालाही वास येऊ लागतो. शेवटच्या ओळीत बाईंनी स्वतःचे कागद आधी पुढे केले, हे मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. अनोळखी घरमालकाच्या खात्यात डिपॉझिट भरणाऱ्या मुलालाही घर खरंच त्यांचं आहे का, हे कळायला हवंच की! पोलिसांच्या फॉर्ममध्येही मालकाचं नाव, पत्ता आणि मोबाइल भरावा लागतो.

मुलाचं उत्तर आलं, ‘काकू, चालेल. फक्त आधारची पूर्ण प्रत द्यायला नको वाटतं.’ ही अडवणूक समजायचं कारण नाही. आधार क्रमांकाचे शेवटचे चार आकडेच दिसणारी प्रत यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून काढता येते. फॉर्मला पूर्ण क्रमांक असलेला पुरावा लागत असेल, तर दुसरं ओळखपत्र देता येतं. प्रतीवर आडवं ‘फक्त भाडेकरू नोंदीसाठी’ असं लिहून तारीख घातली की दोघांनाही बरं. दुसरी अडचण पत्त्याची होती. आधारवर नांदेडचा पत्ता, पण आईवडील आता छत्रपती संभाजीनगरला. असे घोळ घरोघरी असतात. पुराव्यावरचा पत्ता जसाच्या तसा लिहायचा आणि आईवडिलांचा सध्याचा पत्ता व फोन मागून आपल्याजवळ ठेवायचा.

काळजीचं लक्षण वेगळं असतं. कुठलाच कायमचा पत्ता सांगायचा नाही, ओळखीच्या एकाचाही नंबर द्यायचा नाही, आणि ‘आधी चावी द्या, कागद नंतर बघू’ हा घोषा लावायचा, असं झालं तर थांबावं. कागद आणि सह्या पूर्ण झाल्याशिवाय चावी द्यायची नाही, हा नियम आधीच सांगून ठेवला असेल तर तेव्हा वाद घालावा लागत नाही.

बाईंची खरी गल्लत झाली ती फॉर्म भरताना. फ्लॅट ‘पुण्यात’ म्हणून त्यांनी पुणे शहर पोलिसांचं संकेतस्थळ उघडलं, आणि ठाण्यांच्या यादीत वाकड काही सापडेना. वाकड आणि हिंजवडी २०१८ साली सुरू झालेल्या पिंपरी-चिंचवड पोलिस आयुक्तालयात येतात. मोठ्या शहरांच्या कडेला ही चूक सहज होते, म्हणून आपल्या इमारतीचं ठाणं कोणतं, हे वॉचमनला किंवा सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारून घ्यावं. फॉर्म भरून झाला की पोच जपून ठेवायची. एजंट ‘ते करून टाकलंय’ म्हणाला तरी पोच हातात आल्याशिवाय काम झालं असं धरू नये. सोसायटीही भाडेकराराच्या प्रतीबरोबर बहुधा तीच मागते.

पोच म्हणजे मात्र पोलिसांनी त्या माणसाची हमी घेतली, असं नव्हे. चौकशी कधी होते, कधी होत नाही. एखादा हवालदार फोन करील किंवा दारात येईल, हे भाडेकरूला आधीच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर बिचारा घाबरतो. आणि भाडेकरार नोंदवायचा राहून गेला असेल, तर ही पोच त्याची जागा घेत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. ती जबाबदारीही मालकाचीच आहे, आणि ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

अपमान होतो तो बहुतेकदा फॉर्ममुळे नाही, निवडीमुळे होतो. आडनाव ओळखीचं निघालं की ‘तुमचं काय बघायचं’, आणि मुलगा मुसलमान असला, मुलगी मणिपूरची असली किंवा एकटी राहणारी असली की लगेच कागदांची यादी. हे समोरच्याला बरोबर कळतं, आणि त्यावर कितीही गोड शब्द घातले तरी ते झाकलं जात नाही. म्हणून जाहिरातीतच एक ओळ टाकावी: ‘नोंदणीकृत करार आणि पोलिसांकडे नोंद आवश्यक’. मग पुतण्याचा मित्र आला तरी त्यालाही तेच कागद मागायचे. ते मागताना जीभ अडखळत नसेल, तर अनोळखी माणसापुढेही अडखळणार नाही.

बाईंच्या घरातला मित्र पुढे बंगळूरला बदलून गेला आणि त्याच्या जागी दुसरा आला. असा बदल भाडेकरू बऱ्याचदा कळवतच नाहीत, कारण तो कळवायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. करारात तशी अट घालावी, नव्या माणसाची नोंद वेगळी करावी, आणि अकरा महिन्यांनी करार नवा झाला की नव्या तारखांसह माहिती पुन्हा द्यावी.