रक्कमलेखन, अंकी व अक्षरी

पत्रे, पावत्या, देयके, धनादेश इत्यादींमध्ये एकच रक्कम प्रथम अंकांनी व नंतर शब्दांनी लिहिण्याची पद्धत. दस्तऐवजाचा दिनांक व क्रमांक लिहिण्याचे नियमही याच पद्धतीशी संबद्ध आहेत. लिहिणाऱ्याच्या हातून कागद गेल्यानंतर त्यात कोणी फेरफार करू नये, आणि केल्यास तो ओळखता यावा, हा या सर्वांचा हेतू होय.

अंक आणि अक्षरे यांची दुर्बल स्थाने वेगवेगळी असतात. हे या पद्धतीचे मूलतत्त्व आहे. अंक थोड्या जागेत लिहिता येतो, पण एका फटकाऱ्याने तो बदलतो. देवनागरी १ चा ९ करणे सोपे असते. शिवाय देवनागरी एक हा आंतरराष्ट्रीय नऊसारखा व देवनागरी चार हा आंतरराष्ट्रीय आठसारखा दिसत असल्याने, कसलीही लबाडी नसतानाही वाचनात चूक होते. म्हणून एकाच कागदावर दोन्ही प्रकारचे अंक मिसळू नयेत. याउलट ‘एक हजार’ या शब्दांचे ‘नऊ हजार’ करता येत नाहीत. मात्र शब्दही सर्वस्वी सुरक्षित नसतात. ‘एक’पुढे जागा असल्यास त्याचे ‘एकवीस’ होते, ‘पाच’चे ‘पाचशे’ होते आणि घाईच्या अक्षरात ‘सात’ व ‘साठ’ यांची गल्लत होते. परंतु फेरफार यशस्वी होण्यासाठी अंक व अक्षरे ही दोन्ही बदलून त्यांतून एकच नवी रक्कम निघावी लागते, आणि हे सहसा जमत नाही.

ज्या ठिकाणी ते जमते, तेथे बहुधा मोकळी जागा सोडलेली असते. समजा, ‘रु.’ नंतर बरीच जागा सोडून २५,००० हा आकडा लिहिला आहे व अक्षरी ओळीतही आरंभी जागा सोडून ‘पंचवीस हजार’ असे लिहिले आहे. आकड्यापूर्वी एक अंक व स्वल्पविराम आणि शब्दांपूर्वी ‘एक लाख’ एवढेच घातले की रक्कम १,२५,००० होते. एकही मूळ अक्षर खोडावे लागत नाही. स्वल्पविरामांमुळे आकड्याची शेवटची बाजू काही अंशी सुरक्षित राहते, कारण अखेरीस शून्य वाढविल्यास हजार-लाखांची मांडणी बिघडते. पुढच्या बाजूस मात्र त्यांचा उपयोग होत नाही. म्हणून ‘रु.’ ला लागूनच पहिला अंक लिहितात, आकड्यानंतर तिरपी व आडवी रेघ देतात, अक्षरी रक्कम ओळीच्या अगदी डाव्या कडेपासून सुरू करतात, ‘फक्त’ हा शब्द लिहून ती बंद करतात आणि उरलेल्या जागेत रेघ ओढतात.

मोकळ्या जागेचे परिणाम कोणी भोगावयाचे, हा प्रश्न इंग्लंडमध्ये लंडन जॉइंट स्टॉक बँक विरुद्ध मॅकमिलन अँड आर्थर या दाव्यात उपस्थित झाला. एका पेढीच्या कारकुनाने दोन पौंडांचा धनादेश भागीदाराच्या सहीसाठी पुढे केला. त्यावर अंकी रक्कम होती, पण अक्षरी जागा कोरी होती आणि दोन या अंकाच्या दोन्ही बाजूंस जागा सोडलेली होती. सही झाल्यावर कारकुनाने पूर्वी एक व नंतर शून्य घातले, कोऱ्या जागेत एकशे वीस पौंड असे शब्द लिहिले आणि बँकेतून पैसे घेतले. धनादेश काळजीपूर्वक लिहिणे हे खातेदाराचे कर्तव्य असल्याने नुकसान पेढीने सोसावे, असा निर्णय हाउस ऑफ लॉर्ड्‌सने १९१८ मध्ये दिला.

भारतात पराक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ यातील कलम १८ अन्वये अंकी व अक्षरी रकमांत तफावत असल्यास अक्षरी रक्कम ग्राह्य धरली जाते. व्यवहारात मात्र असा धनादेश बँका पुष्कळदा परत करतात. कलम ८७ अन्वये महत्त्वाचा फेरफार झालेला संलेख, त्यास संमती न देणाऱ्या पक्षापुरता, सामान्यतः शून्यवत ठरतो.

हुंडीतील पद्धत : भारतीय सावकारी व्यवहारात याहून कडक योजना रूढ होती. हुंडीमध्ये रक्कम अंकी व अक्षरी लिहून शिवाय तिची निमी रक्कम सांगत आणि तिच्या दुपटीइतके पैसे द्यावेत, असे लिहीत. वरील उदाहरणाला ही कसोटी लावली असता तिचे सामर्थ्य ध्यानात येते. पंचवीस हजारांचे निमे साडेबारा हजार. रक्कम सव्वा लाख करावयाची, तर निमी रक्कम साडेबासष्ट हजार करावी लागेल. आणि ‘साडेबारा’पूर्वी काहीही वाढवून ‘साडेबासष्ट’ होत नाही. पुढची मोकळी जागा येथे निरुपयोगी ठरते. कोषागार नियमांतील, धनादेशावर किंचित अधिक रकमेची मर्यादा आडवी लिहिण्याची पद्धतही याच जातीची आहे. ‘तीस रुपयांच्या आत’ असे लिहिल्यास मूळ रक्कम वीस ते तीस रुपयांच्या दरम्यान आहे, असा त्याचा अर्थ होतो.

दिनांक : केवळ अंकांनी लिहिलेला ५/३ हा दिनांक भारतात पाच मार्च, तर अमेरिकेत तीन मे असा वाचला जातो. महिन्याचे नाव अक्षरांनी लिहिल्यास संदिग्धता उरत नाही. वर्षाचे दोनच अंक लिहिणेही धोक्याचे असते : २०२० साली ‘२०’ एवढेच लिहिलेल्या वर्षापुढे दोन अंक वाढवून २०१९ करणे शक्य होते. पेशवेकालीन मोडी कागदांत शुहूर सन अरबी संख्यावाचक शब्दांनी लिहीत. उदा., ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर व हजार मिळून ११६१, हे इ. स. १७६०–६१ होय. भारत सरकारने राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७ पासून स्वीकारली. तेव्हापासून राजपत्रासारख्या प्रकाशनांवर इसवी व शक असे दोन्ही दिनांक देतात. १ मे १९६० या दिवशी ११ वैशाख १८८२ येतो. त्यांपैकी एकच दिनांक बदलल्यास दोहोंचा मेळ बसत नाही.

पत्रक्रमांक : महाराष्ट्र शासनाच्या पत्रक्रमांकात सामान्यतः विषयाचे संक्षिप्त नाव, वर्ष, प्रकरण क्रमांक (प्र. क्र.) आणि कार्यासनाचे नाव हे घटक तिरप्या रेघांनी वेगळे केलेले असतात. क्रमांकाचे संरक्षण त्याच्या रचनेत नसून नोंदीत असते. जावक नोंदवहीत क्रमांक, दिनांक, विषय व पत्ता ओळीने लिहिलेले असल्याने मागील दिनांक घालून नवे पत्र घुसडावयाचे, तर दोन नोंदींच्या मध्ये जागा मिळत नाही. एखाद्या क्रमांकास ‘अ’ जोडलेला किंवा मधला क्रमांक कोरा दिसल्यास तपासनीस म्हणूनच थांबतो. नोंदवहीतील चूक खरवडून काढावयाची नसते. मूळ लेखन वाचता येईल अशी एकच रेघ त्यावर मारून शेजारी दुरुस्ती, आद्याक्षरी व दिनांक घालतात.

मर्यादा : ही सर्व साधने फेरफार उघड करतात, आरंभापासूनच खोटा लिहिलेला कागद त्यांनी ओळखता येत नाही. त्यासाठी दुसऱ्या ठिकाणी असलेल्या नोंदीशी पडताळा घ्यावा लागतो. भारतीय रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२१ पासून पन्नास हजार रुपये व त्यावरील धनादेशांसाठी सुरू केलेली पद्धत याच स्वरूपाची आहे : धनादेश देणारा त्याचा क्रमांक, दिनांक, आदात्याचे नाव व रक्कम बँकेस स्वतंत्रपणे कळवितो आणि बँक ती माहिती धनादेशाशी ताडून पाहते.