टाइप केलेला आकडा संख्या कधी होतो?

पायथन भाषेतला प्रोग्राम वापरणाऱ्याकडून माहिती घेतो ती `input()` या फंक्शनने. ते पडद्यावर प्रश्न दाखवते, उत्तराची वाट पाहते आणि एन्टर दाबला की टाइप झालेली अक्षरे प्रोग्रामच्या हाती देते. उत्तर नाव असो, गाव असो वा वजन, हाती येते ती नेहमी अक्षरांची माळच. या प्रकाराला पायथनमध्ये स्ट्रिंग म्हणतात. दूध डेअरीसाठी दोन्ही वेळच्या दुधाची बेरीज करणारा हा छोटा प्रोग्राम पाहावा:

```
sakal = input("सकाळचे लिटर: ")
sandhya = input("संध्याकाळचे लिटर: ")
print(sakal + sandhya)
```

सकाळचे 12 आणि संध्याकाळचे 30 भरले तर उत्तर 42 यायला हवे. पडद्यावर येते 1230.

इथे संगणकाचे काहीच चुकलेले नाही. कीबोर्डवरून 12 टाइप होते तेव्हा 1 आणि 2 अशी दोन चिन्हे येतात आणि प्रत्येक चिन्हाचा एक ठरलेला सांकेतिक क्रमांक साठवला जातो: 1 चा 49, 2 चा 50. बारा ही संख्या मात्र संगणक द्विमान पद्धतीत 1100 अशी ठेवतो. या दोन नोंदींचा एकमेकींशी काही संबंध नाही. अधिक चिन्हाच्या दोन्ही बाजूंना संख्या असतील तर पायथन बेरीज करतो आणि स्ट्रिंग असतील तर एकीला दुसरी जोडतो. म्हणूनच `"12" * 3` चे उत्तर 36 नसून 121212 येते. वजाबाकीला मात्र अक्षरांच्या जगात काही अर्थच नाही, त्यामुळे तिथे प्रोग्राम `TypeError` दाखवून थांबतो.

थांबणारी चूक बरी, कारण ती लगेच दिसते. खरा धोका तुलनेत आहे. `"9" > "10"` असे विचारले तर पायथन बिनदिक्कत `True` सांगतो. शब्दकोशात शब्द लावतात तसा तो पहिल्या अक्षराला पहिले अक्षर भिडवतो, आणि 9 हे चिन्ह 1 च्या नंतर येते. बेरजेतले 1230 नजरेत भरते. चुकीच्या क्रमाने लागलेली गुणांची यादी कित्येक दिवस कोणाच्या ध्यानात येत नाही.

उपाय म्हणजे माळेतून संख्या घडवणे, आणि ते काम `int()` करते. "347" घेतले तर सुरुवात शून्यापासून होते. 3 या चिन्हाचा क्रमांक 51. त्यातून शून्याच्या चिन्हाचा क्रमांक 48 वजा केला की 3 ही किंमत मिळते. पुढचे चिन्ह 4. आधीच्या 3 ला दहाने गुणून 4 मिळवले की 34. मग 34 ला दहाने गुणून 7 मिळवले की 347. शाळेतली एकक-दशकाची स्थानेच इथे डावीकडून उजवीकडे भरली जातात. देवनागरी अंकांचे सांकेतिक क्रमांक वेगळे आहेत, ० चा 2406 आणि १ चा 2407. पण पायथनला त्यांचीही किंमत ठाऊक असल्याने `int("१२")` चे उत्तरही 12 येते. जावास्क्रिप्टमध्ये `Number("१२")` लिहिले तर संख्या मिळत नाही, `NaN` मिळते.

डेअरीच्या प्रोग्रामची दुरुस्ती एवढीच:

```
sakal = int(input("सकाळचे लिटर: "))
sandhya = int(input("संध्याकाळचे लिटर: "))
```

पण दूध साडेबारा लिटर असेल तर 12.5 मधल्या टिंबाशी `int()` अडते आणि `ValueError` येते. तिथे `float()` वापरावे लागते. मागेपुढे राहिलेली मोकळी जागा दोन्ही फंक्शने चालवून घेतात. "12 लिटर", 1,25,000 मधले स्वल्पविराम किंवा नुसताच दाबलेला एन्टर त्यांना चालत नाही. त्यामुळे रूपांतर `try` मध्ये ठेवून, चूक आल्यास तोच प्रश्न पुन्हा विचारणे हे काळजीपूर्वक लिहिलेल्या प्रोग्रामचे लक्षण आहे.

हे रूपांतर भाषेनेच परस्पर का करू नये? पायथन 2 मधले `input()` तसे करत असे: टाइप केलेला मजकूर ते पायथनची आज्ञा समजून चालवी आणि त्यामुळे 12 ची आपोआप संख्या होई. पण त्याच वाटेने वापरणाऱ्याला कोणतीही आज्ञा प्रोग्रामकडून चालवून घेता येत होती. 2008 साली आलेल्या पायथन 3 ने ती पद्धत बंद केली. शिवाय अंकांनी लिहिलेली प्रत्येक गोष्ट संख्या नसते. 0231 हा एसटीडी कोड `int()` मधून गेला की 231 होतो आणि पुढचे शून्य कायमचे जाते. फोन नंबर, पिनकोड, बँक खात्याचा क्रमांक यांची बेरीज कोणी करत नाही. ते मजकूर म्हणूनच साठवावेत.