बर्फ वाढवला की कॉफी पातळ

मे महिन्यातली दुपार, दारात पाहुणे, आणि मिक्सरच्या भांड्यात दूध, कॉफी, साखर, बर्फ, आइस्क्रीम असं सगळं एकदम. झाकण दाबून मिनिटभर फिरवलं, ग्लासात ओतलं की पहिल्या क्षणी छान दिसतं. दोन मिनिटांनी वर पांढरा फेस आणि खाली फिकट तपकिरी पाणी. पुढच्या वेळी आपण दोन खडे जास्त टाकतो, आणि कॉफी आणखीच पातळ होते.

याचं कारण बर्फापेक्षा दुधात आहे. बर्फ थंडावा देतो तो स्वतः वितळून. एक ग्रॅम बर्फ वितळताना साधारण ८० कॅलरी उष्णता ओढून घेतो. समजा, दोन ग्लासांसाठी ३०० मिली दूध घेतलं आणि ते ओट्यावरचं, ३० अंशांचं आहे. ते शून्याच्या जवळ आणायला सुमारे १०० ग्रॅम बर्फ वितळावा लागतो, म्हणजे घरच्या ट्रेमधले पाच-सहा खडे. तेवढं पाणी दुधात मिसळलंच म्हणून समजा. तेच दूध फ्रीजमधलं, ५ अंशांचं असेल, तर २० ग्रॅमच्या आतच काम भागतं. तेव्हा दूध आदल्या रात्रीच तापवून, गार करून फ्रीजमध्ये ठेवावं. मिक्सरचं स्टीलचं भांडंही अर्धा तास आधी तिथेच ठेवलं तर उत्तम.

उरलेल्या पाण्यावरही उपाय आहे : बर्फ दुधाचाच करायचा. ३०० मिलीपैकी १०० मिली दूध ट्रेमध्ये गोठवा. हे खडे वितळले तरी दूधच होतं, आणि पाण्याच्या बर्फापेक्षा ते मऊ असल्याने मिक्सरमध्ये लवकर बारीक होतात. दूध फुल क्रीम घ्यावं. टोन्ड दुधाची कॉफी तोंडात तितकी भरीव लागत नाही.

आता रवाळपणा. तो तीन प्रकारचा असतो आणि जिभेला ओळखता येतो. कचकचणारा कण तीन-चार सेकंदांत विरघळला तर तो बर्फ. तळाशी गोड कण किंवा कडू तपकिरी ठिपके राहिले तर साखर-कॉफी विरघळलेली नाही. आणि टाळूला तुपकट थर जाणवला, ग्लासाच्या काठाला पिवळसर कण चिकटले, तर ते चक्क लोणी आहे. साय असलेलं थंड दूध मिक्सरमध्ये फिरवणं म्हणजे ते घुसळणंच. म्हणून साय काढून दूध गाळून घ्यावं, आणि भांडं उगाच फिरवत बसू नये.

साखर-कॉफीचा उपाय सोपा. दोन चमचे इन्स्टंट कॉफी आणि चार चमचे साखर वाटीत घेऊन चार चमचे कडकडीत पाण्यात पूर्ण विरघळवा आणि हा पाक फ्रीजमध्ये गार करा. गरमच ओतला तर वाचवलेला बर्फ पुन्हा वितळतो. फिल्टर कॉफीची पूड इथे चालत नाही. ती भाजलेल्या बियांचं पीठ असते, कितीही फिरवली तरी विरघळत नाही.

आता क्रम. भांड्यात आधी दुधाचे खडे, गार पाक आणि फक्त अर्धी वाटी दूध. द्रव कमी असला की खडे पात्याखाली सापडतात. सगळं दूध एकदम ओतलं तर ते तरंगत पळत राहतात आणि तुकडे तसेच उरतात. थांबत थांबत, चार-पाच सेकंदांचे झटके द्या. खडखडाट थांबून आवाज एकसारखा झाला की बर्फ बारीक झाला. मग उरलेलं दूध घालून दहा सेकंद. शेवटी व्हॅनिला आइस्क्रीमचे दोन मोठे गोळे, फ्रीझरमधून काढलेले घट्ट, आणि पुन्हा जेमतेम दहा सेकंद. दाटपणा येतो तो याच्यामुळे : त्यात स्निग्धांश असतो, बारीक हवा कोंडलेली असते आणि पाणी धरून ठेवणारे घटकही असतात. जास्त फिरवलं की आइस्क्रीम पूर्ण वितळतं आणि उरतो तो नुसता फेस.

फेस म्हणजे दाटपणा नव्हे. चमच्याने वरचा थर बाजूला करून पाहा. खालची कॉफी चमच्याच्या पाठीवर पातळ थर धरून राहिली, तर जमलं. पाण्यासारखी ओघळली तर आणखी एक गोळा घालून दोन झटके द्या. बर्फ मात्र घालू नका.

ही कॉफी करून ठेवता येत नाही. पंधरा-वीस मिनिटांत फेस आणि दूध वेगळं व्हायला लागतं. करून ठेवायचा तो पाक आणि दुधाचे खडे. पाहुणे बसले, की मग मिक्सरला हात लावायचा.