दंड टळला, व्याज लागले

समजा, नाशिकच्या एका शिक्षिकेने 15 जूनला क्रेडिट कार्डावर 40,000 रुपयांचा फ्रीज घेतला. कार्डाचे बिल दर महिन्याच्या 12 तारखेला निघते आणि भरायची शेवटची तारीख येते पुढच्या महिन्याच्या 1 तारखेला. तारखा लक्षात राहत नाहीत म्हणून बाईंनी बँकेच्या अ‍ॅपवर ऑटो पे सुरू करून टाकले. अर्ज भरताना समोर दोन पर्याय आले, Total Amount Due आणि Minimum Amount Due. त्यांनी दुसरा निवडला. महिनाअखेरीस खात्यातून एकदम मोठी रक्कम जायला नको, एवढाच त्यामागचा विचार.

12 जुलैच्या बिलात एकूण देय रक्कम 40,000 आणि किमान देय रक्कम तिच्या पाच टक्के, म्हणजे 2,000 रुपये. 1 ऑगस्टला 2,000 आपोआप वळते झाले, पैसे मिळाल्याचा मेसेज आला, उशिराचा दंड लागला नाही. सगळे सुरळीत झाले असेच कोणालाही वाटेल.

12 ऑगस्टचे बिल मात्र 41,172 रुपयांचे निघाले. मधल्या काळात एका पैशाची नवी खरेदी नाही, वर 2,000 भरलेले, तरीही बाकी वाढली.

ही बँकेची चूक नव्हे. कार्डावर पैसे भरताना दोन वेगवेगळ्या गोष्टी टाळायच्या असतात, उशिराचा दंड आणि व्याज. किमान रक्कम भरली की फक्त पहिली टळते. दुसरी टाळायची तर शेवटच्या तारखेपर्यंत बिलातली एकूण रक्कमच भरावी लागते. 100 रुपये कमी पडले तरी बिनव्याजी मुदतीची सवलत हातची जाते. आणि ती गेली की व्याज शेवटच्या तारखेपासून नव्हे, तर खरेदीच्या तारखेपासून मोजले जाते. बिल हातात येऊनही बहुतेकांच्या नजरेतून निसटते ते नेमके हेच.

शिक्षिकेचा हिशेब मांडून पाहू. कार्डाचा व्याजदर महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला 42 टक्के धरू. भारतातल्या अनेक कार्डांचा दर याच घरात असतो. 15 जून ते 31 जुलै हे 47 दिवस पूर्ण 40,000 रुपयांवर व्याज चढले. ते झाले सुमारे 2,163 रुपये. 1 ऑगस्टला 2,000 भरल्यावर उरलेल्या 38,000 वर 12 ऑगस्टपर्यंतचे 12 दिवसांचे सुमारे 525. एकूण व्याज 2,688 रुपये. व्याजावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 484. अशी बेरीज 3,172 झाली आणि 38,000 चे 41,172 झाले.

हे पाहून बाई हबकल्या आणि 1 सप्टेंबरला सगळे 41,172 भरून मोकळ्या झाल्या, असे समजू. तरीही 12 सप्टेंबरच्या बिलात सुमारे 980 रुपये येणार. कारण 13 ते 31 ऑगस्ट या 19 दिवसांत 38,000 ची बाकी उभीच होती, त्याचे व्याज आणि जीएसटी. ‘सगळे भरले तरी बिल कसले?’ म्हणून ग्राहक सेवेला फोन लावणाऱ्यांची तक्रार बहुधा याच रकमेबद्दल असते. एका चुकीच्या पर्यायाची किंमत 4,152 रुपये झाली. पूर्ण रकमेचा पर्याय निवडला असता तर हाच फ्रीज 47 दिवस बिनव्याजी वापरायला मिळाला असता.

त्यातही या उदाहरणात नवी खरेदी धरलेली नाही. जुनी बाकी डोक्यावर असेपर्यंत किराणा, पेट्रोल, मोबाइलचे रिचार्ज असा जो जो नवा खर्च कार्डावर पडतो, त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागते. बिनव्याजी मुदत त्याला मिळतच नाही.

किमान रक्कमच भरत राहिले तर बाकी फुगत जाईल अशी ती रक्कम ठरवू नये, असे रिझर्व्ह बँकेने 2022 च्या निर्देशांमध्ये कार्ड कंपन्यांना बजावले. त्यामुळे अनेक बँका किमान रकमेत बाकीच्या काही टक्क्यांबरोबर व्याज, कर आणि शुल्कही धरतात. शिक्षिकेच्या दुसऱ्या बिलात ती अशी निघेल: 38,000 चे पाच टक्के म्हणजे 1,900, अधिक व्याज आणि कराचे 3,172, मिळून 5,072. म्हणजे खिशातून पाच हजार गेल्यावर मूळ कर्ज कमी होते ते 1,900 ने. फक्त किमान रक्कम भरत राहिल्यास परतफेड कित्येक महिने किंवा वर्षे लांबेल, असा इशारा बिलावर छापणेही बंधनकारक आहे. तो छापलेला असतो. वाचला जात नाही.

मग ऑटो पे लावायचे कसे? ज्या बँकेचे कार्ड, त्याच बँकेत बचत खाते असेल तर काम सोपे. अ‍ॅप किंवा नेट बँकिंगमध्ये कार्डाच्या विभागात ऑटो पे शोधायचे, खाते निवडायचे, Total Amount Due वर खूण करायची आणि ओटीपी टाकायचा. खाते दुसऱ्या बँकेत असेल तर ई-मँडेट द्यावे लागते. कार्डाच्या बँकेच्या पानावर खाते क्रमांक आणि आयएफएससी भरला की नेट बँकिंग, डेबिट कार्ड किंवा आधार यांपैकी एका मार्गाने खातेदाराची संमती घेतली जाते. काही बँका यूपीआय ऑटो पेचा मार्गही देतात. क्रेडिट कार्डाच्या बिलासाठी अशा आपोआप वळत्या होणाऱ्या व्यवहारांची मर्यादा डिसेंबर 2023 मध्ये 15,000 वरून 1 लाख रुपये करण्यात आली. बिल त्यापुढे गेले तर दर वेळी पुन्हा पिन टाकून मंजुरी द्यावी लागते.

ई-मँडेट देताना एक चौकट बहुतेक जण घाईत भरतात, ती म्हणजे कमाल रक्कम. या मँडेटखाली एका वेळी जास्तीत जास्त किती पैसे काढता येतील, ते तिथे लिहायचे असते. नेहमीचे बिल 15,000 येते म्हणून तिथे 20,000 लिहिले आणि दिवाळीच्या महिन्यात बिल 32,000 चे आले, तर खात्यात लाखभर पडून असले तरी वसुली अडू शकते. नेहमीचा खर्च न बघता वर्षातला सर्वांत मोठा महिना डोळ्यांसमोर ठेवून, किंवा सरळ कार्डाच्या क्रेडिट लिमिटएवढी, ही रक्कम लिहिलेली बरी.

दुसरी ठेच लागते ती पहिल्याच महिन्यात. मँडेट नोंदवले जायला काही दिवस जातात, आणि आधीच निघालेले बिल त्यात बहुधा धरले जात नाही. ऑटो पे लावले म्हणून निर्धास्त राहणाऱ्याचे पहिले बिल थकते ते यामुळे. नोंदणी पक्की झाल्याचा मेसेज येईपर्यंत आणि पुढच्या बिलावर ऑटो पेचा उल्लेख दिसेपर्यंत बिल हातानेच भरावे.

तिसरी अडचण खात्यातल्या शिलकीची. वसुलीच्या दिवशी पैसे कमी पडले तर मँडेट बाउन्स होते. मग खाते असलेली बँक परताव्याचे शुल्क लावते, कार्डाची बँक आपले वेगळे लावते, वर उशिराचा दंड आणि व्याज आहेच. एका चुकीला तीन-चार पावत्या. पगार 1 तारखेला होत असेल आणि बिलाची शेवटची तारीख 28 असेल, तर हा धोका दर महिन्याला डोक्यावर टांगलेला. यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. कार्डाचे बिलिंग चक्र किमान एकदा तरी ग्राहकाला आपल्या सोयीने बदलू द्यावे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. बिलाची तारीख अशी मागून घ्यावी की भरायची शेवटची तारीख पगारानंतर चार-पाच दिवसांनी येईल. पेन्शनवर भागवणाऱ्यांनी तर हे आधी करावे. रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी वसुली होणार नाही, या भरवशावरही राहू नये. मँडेटची यंत्रणा ऑगस्ट 2021 पासून आठवड्याचे सातही दिवस चालते.

एवढे करूनही कधी वसुली फसलीच तर हातात थोडा वेळ असतो. शेवटच्या तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक काळ रक्कम थकली तरच बँकेला उशिराचा दंड लावता येतो आणि क्रेडिट माहिती कंपन्यांकडे थकबाकी कळवता येते. दंडही संपूर्ण बिलावर नव्हे, न भरलेल्या बाकीच्या हिशेबाने लावायचा असतो. म्हणून शेवटच्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अ‍ॅप उघडून पैसे जमा झाले का ते पाहावे आणि नसतील तर त्याच दिवशी भरावेत. मात्र ही तीन दिवसांची मुभा दंडापुरती आहे. व्याजही माफ होते असे धरून चालू नये.

घाईघाईने हाताने भरण्यातही एक मेख आहे. शेवटच्या तारखेच्या आदल्या संध्याकाळी कोणी हाताने बिल भरले, तर वसुलीचा आदेश तोवर पुढे गेलेला असू शकतो आणि तेवढीच रक्कम दुसऱ्यांदा कापली जाऊ शकते. जादा पैसे कार्डावर जमा दिसतात, बुडत नाहीत. पण घरभाड्याचे पैसे अडकले तर ओढाताण होते. आधीच भरायचे असेल तर चार-पाच दिवस आधी भरावे.

किमान रकमेचे ऑटो पे सर्वस्वी टाकाऊ आहे, असेही नाही. ज्यांचे उत्पन्न एकसारखे नसते, म्हणजे छोटे दुकानदार, फ्रीलान्स काम करणारे, कमिशनवर जगणारे, त्यांच्या खात्यात ठरावीक दिवशी पूर्ण रक्कम असेलच असे नसते. त्यांनी बाउन्सचे शुल्क आणि दंड टाळण्यासाठी किमान रकमेचे ऑटो पे ठेवावे आणि उरलेली रक्कम शेवटच्या तारखेपूर्वी स्वतः भरावी. पण हे जमते ते दर महिन्याला न चुकता बिल उघडणाऱ्यालाच. ज्याने विसरायला होते म्हणून ऑटो पे घेतले, त्याच्यासाठी पूर्ण रक्कम हाच पर्याय.

अनेकांनी ही खूण कार्ड घेतानाच, वर्षांपूर्वी, कुठल्याशा फॉर्मवर केलेली असते आणि आपण नेमके काय निवडले ते त्यांना आठवतही नाही. बँकेच्या अ‍ॅपमध्ये ते दोन मिनिटांत कळते. तिथे Minimum Amount Due दिसले आणि खात्यात पूर्ण बिलापुरते पैसे राहत असतील, तर पुढचे बिल निघण्याआधी ते बदलून घ्या आणि चालू बिल या वेळेपुरते हाताने पूर्ण भरा.