सहलीचा विमा : ईमेलमध्ये काय लिहायचं?

समजा, पुण्यातल्या एका शाळेची सातवीची सहल शिवनेरीला निघाली आहे. ८४ मुलं, ६ शिक्षक. मुख्याध्यापिकाबाई विमा कंपनीला एका ओळीचा ईमेल धाडतात : ‘एक दिवसाच्या सहलीसाठी समूह वैयक्तिक अपघात विमा हवा, दर कळवा.’ दर येतो. पण नेमका कशाचा?

या विम्याचा गाभा म्हणजे अपघाती मृत्यू आणि कायमचं अपंगत्व. पायरीवरून घसरून कुणाचं मनगट मोडलं, तर प्लास्टरचा खर्च त्यात आपोआप येत नाही. त्यासाठी ‘अपघाती वैद्यकीय खर्च’ हे कलम आणि त्याची मर्यादा ईमेलमध्येच मागून घ्यावी लागते. सहलीत घडतं ते बहुतेक वेळा हेच! ताप किंवा लागलेलं ऊन म्हणजे आजार. त्यासाठी या विम्यावर विसंबू नये.

‘शनिवारी सहल’ एवढंही पुरत नाही. ‘सकाळी ६ला शाळेच्या फाटकातून निघाल्यापासून रात्री ११ला परत येईपर्यंत, बसप्रवास आणि गड चढणं-उतरणं धरून’ असं लिहावं. बस नऊला पोचणार असली तरी अकराच लिहावेत. चाकणची कोंडी कुणाला चुकली आहे?

सोबत नाव, वय, इयत्ता आणि पालकांचं नाव असलेली यादी जोडायची. आयत्या वेळी आजारी मुलाच्या जागी दुसरा आला, तर निघण्याआधी कंपनीला कळवून नाव बदलून घ्यायचं.

आणि ‘ईमेल मिळाला’ हे उत्तर म्हणजे विमा नव्हे. विमा कायदा १९३८च्या कलम ६४व्हीबीनुसार हप्ता आधी भरल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही. शुक्रवारी पैसे भरून पॉलिसी हातात घ्यावी, तिच्यावरची तारीख वाचावी, मगच बस सोडावी.