एक गोळी, दोन वाटा

अंगदुखीवर आपण घेतो त्या आयबुप्रोफेनचा रेणू बनवण्याच्या दोन वाटा हरित रसायनशास्त्राच्या असाइनमेंटमध्ये हमखास शेजारी शेजारी मांडलेल्या असतात. एक १९६०च्या दशकातली, ब्रिटनच्या बूट्स कंपनीची, सहा पायऱ्यांची. दुसरी बीएचसी कंपनीची, तीन पायऱ्यांची. तिचा कारखाना १९९२ मध्ये टेक्सासमधल्या बिशप इथे सुरू झाला. दोन्हींची सुरुवात आयसोब्यूटिलबेंझीनपासून आणि शेवटी हाती येणारा रेणूही तोच. मग फरक कुठे पडतो?

पहिलं मोजमाप अ‍ॅटम इकॉनॉमीचं. बॅरी ट्रॉस्ट यांनी १९९१ मध्ये मांडलेला हा प्रश्न अगदी सरळ आहे: अभिक्रियेत घातलेल्या अणूंपैकी किती अणू हव्या त्या पदार्थात उतरले? त्यासाठी उत्पादनाच्या रेणुभाराला सगळ्या अभिक्रियाकांच्या रेणुभारांच्या बेरजेने भागायचं. बूट्सच्या सहाही पायऱ्यांतले अभिक्रियाक एकत्र केले की बेरीज ५१४.५ येते. आयबुप्रोफेनचा रेणुभार २०६.३. म्हणजे अ‍ॅटम इकॉनॉमी ४० टक्के. घातलेल्या मालाचा निम्म्याहून जास्त भाग औषधात पोचतच नाही.

आता बीएचसीची वाट पाहा. आयसोब्यूटिलबेंझीन १३४.२, ॲसेटिक ॲनहायड्राइड १०२.१, हायड्रोजन २.० आणि कार्बन मोनॉक्साइड २८.०. बेरीज २६६.३, म्हणजे अ‍ॅटम इकॉनॉमी ७७ टक्के. उरलेले ६० कुठे गेले? ॲसेटिक आम्लाचा रेणुभार बरोबर ६० आहे! पहिल्या पायरीत ॲनहायड्राइडचा अर्धा भाग रेणूला जोडला जातो आणि उरलेला अर्धा ॲसेटिक आम्ल होऊन बाहेर पडतो. पुढच्या दोन पायऱ्यांत काहीच बाहेर पडत नाही: हायड्रोजन अख्खा आत जातो, कार्बन मोनॉक्साइडही अख्खा आत जातो. ते ॲसेटिक आम्ल वेगळं काढून वापरलं तर कागदावर एकही अणू वाया जात नाही. वहीत ही बेरीज स्वतः करून पाहताना अंगावर काटा येतो.

पण हा हिशेब समीकरणाचा आहे, पिंपाचा नव्हे. म्हणून रॉजर शेल्डन यांचा ई-फॅक्टर लागतो: एक किलो उत्पादनामागे किती किलो कचरा झाला? बूट्सची पहिली पायरी फ्रीडेल-क्राफ्ट्स अभिक्रियेची. तिथे ॲल्युमिनियम क्लोराइड लागतं. पुस्तकात त्याला उत्प्रेरक म्हणतात, म्हणून अ‍ॅटम इकॉनॉमीत ते धरलेलं नाही. प्रत्यक्षात ते तयार झालेल्या कीटोनला आणि ॲसेटिक आम्लाला घट्ट चिकटून बसतं. त्यामुळे ॲनहायड्राइडच्या एका मोलमागे ते साधारण दोन मोल घालावं लागतं, म्हणजे सुमारे २६७ ग्रॅम. शेवटी त्यावर पाणी ओतलं की ते ॲल्युमिनियमच्या क्षारांचा कचरा होऊन जातं.

एका मोलचा हिशेब मांडू आणि उतारा १०० टक्के धरू. बूट्समध्ये समीकरणातला कचरा ३०८ ग्रॅम आणि हे २६७ ग्रॅम मिळून ५७५. त्याला २०६ने भागलं की ई-फॅक्टर २.८. ॲल्युमिनियम क्लोराइड विसरलात तर तो १.५ दिसेल, आणि असाइनमेंटमधली सर्वांत सामान्य चूक हीच. बीएचसीमध्ये हायड्रोजन फ्लोराइड उत्प्रेरक आणि द्रावक अशी दोन्ही कामं करतं आणि परत मिळवून पुन्हा वापरलं जातं. म्हणून ॲसेटिक आम्ल फेकून दिलं तरी ई-फॅक्टर जेमतेम ०.३ येतो.

उतारा कधीच १०० टक्के नसतो. प्रत्येक पायरीला ९० टक्के मिळाला असं धरलं, तर सहा पायऱ्यांनंतर ५३ टक्के माल उरतो आणि तीन पायऱ्यांनंतर ७३. अ‍ॅटम इकॉनॉमीला ही गळती दिसत नाही, ई-फॅक्टरला दिसते. द्रावकही ई-फॅक्टरमध्येच पकडले जातात. मात्र जेवढं द्रावक परत मिळवलं तेवढं वगळायचं, आणि पाणी धरलं की नाही हे स्पष्ट लिहायचं. दोन वाटांना दोन वेगळे नियम लावले तर तुलनेला अर्थ राहत नाही.

ई-फॅक्टरलाही एक गोष्ट दिसत नाही: कचऱ्याचं विष. एक किलो मीठ आणि एक किलो जड धातूचा क्षार त्याच्या लेखी सारखेच. हायड्रोजन फ्लोराइड तर अत्यंत घातक आहे. ते परत वापरलं जातं म्हणून आकडा लहान राहतो, धोका लहान होत नाही. म्हणून निष्कर्ष लिहिताना दोन्ही आकड्यांखाली प्रत्येक पदार्थाच्या धोक्याची एक ओळ जोडा. तशी ती जोडूनही या जोडीत कौल बीएचसीच्याच बाजूने जातो. १९९७ मध्ये अमेरिकेचा राष्ट्राध्यक्षीय हरित रसायनशास्त्र पुरस्कार याच प्रक्रियेला मिळाला.